सेकंड इयरचा रिकामा रेझ्युमे समोरचा माणूस कसा वाचतो

फेब्रुवारी-मार्च आला की लातूर, नांदेड, परभणी, बीड, सगळीकडून सेकंड इयरच्या पोरापोरींचे इंटर्नशिपसाठी मेल सुरू होतात. मी संभाजीनगरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि हे अर्ज पहिल्यांदा चाळायचं काम बरेचदा माझ्याकडं असतं. पोरांचा प्रश्न एकच असतो, दादा माझ्या रेझ्युमेत काहीच नाही, अनुभव नाही, मोठा प्रोजेक्ट नाही, मग मला घेणार कोण? म्हणून म्हटलं की समोर बसलेला माणूस तो रिकामा रेझ्युमे नेमका कसा वाचतो ते एकदा नीट सांगावं, कारण ते कळलं की काय लिहायचं आणि काय सोडायचं हे आपोआप कळतं. मी कॉम्प्युटर-आयटीवाल्यांबद्दल बोलतोय, मेकॅनिकल-सिव्हिलचं गणित थोडं वेगळं असतं.

आधी कंपनीचा हिशोब बघा. इंटर्न सहा-आठ आठवड्यांसाठी येतो, त्यातला पहिला आठवडा लॅपटॉप सेट करण्यात आणि आमचा कोड कुठं काय आहे हे कळण्यात जातो, आणि त्या पूर्ण काळात कुणातरी सिनियरचा रोज तासभर तरी त्याच्यामागं जातो. सेकंड इयरच्या पोरानं आमचं काम फार पुढं न्यावं अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. बघायचं एवढंच असतं की रोजचा तो तास वाया जाणार नाही ना. म्हणजे या पोराला एखादी गोष्ट सांगितली तर ती तो शेवटापर्यंत नेईल का, मधे काही चुकलं तर त्याच्या लक्षात येईल का, आणि अडला तर दोन दिवस गप्प बसून राहील की विचारेल. रेझ्युमे वाचताना आम्ही याचेच पुरावे शोधत असतो. जावा येतं, पायथन येतं, सी येतं, एचटीएमएल येतं अशी पंधरा नावांची ओळ यातलं काहीच सांगत नाही, उलट शंका वाढवते, कारण दीड वर्षात पंधरा गोष्टी कुणालाच येत नाहीत हे आम्हालाही माहितीये.

पहिल्या नजरेत रेझ्युमेला अर्धा मिनिट मिळतो असं धरून चला. नाव, कॉलेज, वर्ष बघितलं की नजर थेट प्रोजेक्टवर जाते आणि तिथं लिंक असेल तर ती उघडली जाते. आणि खरं सांगतो, लिंक उघडल्यावर जे दिसतं त्यावरच नव्वद टक्के पोरं गळतात. गिटहबवर प्रोजेक्ट असतो पण त्यात एकच कमिट असतो आणि त्याचा मेसेज `Add files via upload`. हा मेसेज गिटहब स्वतःच टाकतं, जेव्हा सगळ्या फाईली ब्राउझरमधून एकदम उचलून टाकल्या जातात तेव्हा. आता असं करणं गुन्हा नाही, पण बघणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही की हे काम तुम्ही केलं, मित्राचं उचललं की व्हिडिओ बघून जसंच्या तसं टाइप केलं. याउलट तीन आठवड्यांत पसरलेले छोटे-छोटे कमिट असले, एकात "तारखा चुकत होत्या, दुरुस्त केलं" असं काहीतरी लिहिलेलं असलं, तर कोड कच्चा असला तरी माणूस थांबून वाचतो.

आता कोर्सवर्कचं सांगतो, इथं पोरं फार सोपी संधी घालवतात. रेझ्युमेत "संबंधित विषय" म्हणून सगळ्या सेमिस्टरचे विषय ओळीनं लिहिलेले असतात, डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस, डिस्क्रीट मॅथ्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. हे विषय तुमच्या वर्गातल्या साठही जणांना आहेत, त्यामुळं नुसत्या नावाला किंमत शून्य. त्याऐवजी ज्या कामाला अर्ज करताय त्याच्याशी जुळणारे दोन-तीनच विषय ठेवा आणि प्रत्येकासमोर त्यात तुम्ही स्वतः काय केलंत ते एका ओळीत लिहा. डीबीएमएस लिहिलं असेल तर लॅबमधे शिकलेलं जॉइन आणि ग्रुप बाय कुठल्या खऱ्या डेटावर चालवलं ते लिहा. लॅबमधे सगळ्यांना बँकेचं नाहीतर लायब्ररीचं तेच टेबल देतात, त्यात दहा रो असतात आणि दहाही स्वच्छ असतात, खरा डेटा असा कधीच नसतो हे आम्हालाही ठाऊक आहे.

सीजीपीएचं म्हणाल तर आकडा लिहा आणि किती पैकी तेही लिहा. बॅक असेल तर रेझ्युमेत लिहायची गरज नाही पण विचारलं तर खरं सांगा, कोणता विषय, कधी काढणार. लपवलेला बॅक नंतर मार्कशीटवर दिसला की प्रश्न मार्कांचा राहत नाही. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्यांनी तर डिप्लोमाचा प्रोजेक्ट आणि ट्रेनिंग आवर्जून लिहावी. आपल्याकडं अशी पोरं भरपूर आहेत आणि का कुणास ठाऊक, डिप्लोमाची तीच वर्षं ते रेझ्युमेतून खोडून टाकतात, जसं काही ते शिक्षणच नव्हतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, प्रोजेक्ट. इथं एक उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ, म्हणजे काय बघितलं जातं ते नीट दिसेल. समजा औसा तालुक्यातली एक मुलगी आहे, नांदेडला कॉम्प्युटरच्या सेकंड इयरला. घरी सोयाबीन असतं, माल लातूरच्या मोंढ्यात जातो. तिच्या रेझ्युमेत पहिल्यांदा अशी ओळ होती: "सोयाबीन प्राइस ॲनालिसिस, पायथन आणि मशीन लर्निंग वापरून." रेझ्युमे इंग्रजीतच असतो, मी इथं मराठीत सांगतोय. ही ओळ वाचून काय कळतं? काहीच नाही. मशीन लर्निंग कुठं वापरलं विचारलं तर उत्तर येणार की एक लिनियर रिग्रेशन चालवलं होतं, आणि पुढचा प्रश्न आला की ते कशावर, किती चुकत होतं, तर गाडी तिथंच थांबणार.

म्हणून तिनं आधी प्रश्न लहान केला. भाव पुढं काय होईल हे सांगण्याऐवजी एवढंच विचारलं की 2024 च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, म्हणजे नवीन माल येतो त्या काळात, लातूर बाजार समितीत सोयाबीनचा भाव किती दिवस हमीभावाच्या खाली होता. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता. प्रश्न असा की उत्तर एका आकड्यात येतं, तो आकडा बरोबर की चूक हे तपासता येतं, आणि घरच्या लोकांनाही त्याच्याशी देणंघेणं आहे. सेकंड इयरच्या प्रोजेक्टचा प्रश्न एवढाच असावा असं माझं ठाम मत आहे.

डेटा सरकारी आहे आणि फुकट आहे. ॲगमार्कनेटवर रोजचे बाजारभाव मिळतात, सरकारच्या डेटा पोर्टलवरही मिळतात. त्यात बाजार, शेतमाल, वाण, तारीख आणि तीन भाव असतात, किमान, कमाल आणि मोडल. मोडल म्हणजे त्या दिवशी ज्या भावानं जास्तीत जास्त माल गेला तो, ढोबळपणे. तिनं मोडल घेतला, कारण किमान भाव बहुतेकदा ओल्या नाहीतर डागी मालाचा असतो आणि कमाल एखाद्याच चांगल्या ढिगाचा असू शकतो. ही निवड का केली हे तिला सांगता येतं, आणि इथूनच तिचा प्रोजेक्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा व्हायला लागतो.

मग फाईल वाचायला घेतली आणि तारखांनी घात केला. फाईलमधे तारखा आपल्या पद्धतीनं होत्या, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. तिनं पांडासमधे नेहमी लिहितात तसं लिहिलं, एरर आली, म्हणून नेटवर बघून एरर घालवणारा भाग जोडला.

```python
df["Arrival_Date"] = pd.to_datetime(df["Arrival_Date"], errors="coerce")
```

एरर गेली, प्रोग्रॅम चालला, ग्राफ आला. आणि ग्राफ सगळा चुकीचा होता. कसा ते बघा, कारण हा घोळ भल्याभल्यांना होतो. पांडासच्या 2 पासूनच्या व्हर्जनमधे पहिल्या तारखेवरून पूर्ण कॉलमचा साचा ठरवला जातो. तिची पहिली तारीख होती `01/10/2024`. आपण वाचतो 1 ऑक्टोबर, पण अशा दोन्ही बाजूंनी वाचता येणाऱ्या तारखेत पांडास आधी महिना धरतं, म्हणजे 10 जानेवारी. तोच साचा पुढं लावला की `02/10/2024` होतो 10 फेब्रुवारी, असं करत 12 ऑक्टोबर होतो 10 डिसेंबर. 13 ऑक्टोबर आला की तेरावा महिनाच नसतो, तिथं खरंतर एरर यायला पाहिजे, आणि ती येतही होती, पण `errors="coerce"` म्हणजे न जमलेलं गुपचूप रिकामं कर, त्यामुळं 13 तारखेपासून पुढचा प्रत्येक दिवस उडाला. तीन महिन्यांचे कॅलेंडरचे 92 दिवस धरले तर प्रत्येक महिन्याचे फक्त पहिले 12, म्हणजे एकूण 36 उरतात आणि 56 जातात, आणि उरलेलेही सगळ्या वर्षभर विखुरले जातात.

हे लक्षात कसं येतं? ग्राफकडं डोळे उघडून बघितलं तर. मागवला ऑक्टोबर ते डिसेंबर आणि ग्राफ सुरू होतोय जानेवारीपासून, आणि प्रत्येक महिन्यात फक्त 10, 11, 12 या तारखांनाच ठिपके. दुसरी खूण म्हणजे रो मोजायचे, आधी किती होते, तारीख बदलल्यावर किती रिकामे झाले. तिनं ते मोजलं, घोळ सापडला आणि ओळ बदलली.

```python
df["Arrival_Date"] = pd.to_datetime(df["Arrival_Date"], format="%d/%m/%Y")
```

आता साचा आपण सांगितलाय, अंदाजावर काही नाही, आणि एखादी तारीख खरंच खराब असेल तर एरर येईल आणि आपल्याला कळेल. अजून एक मजेशीर गोष्ट अशी की हीच फाईल उलट क्रमानं, 31 डिसेंबरपासून सुरू होणारी असती, तर पहिली चूक झालीच नसती, कारण 31 हा महिना असू शकत नाही हे पांडासला कळलं असतं आणि त्यानं दिवस आधी धरला असता, वर एक वॉर्निंग दिली असती. म्हणजे कोड तोच, डेटा तोच, नुसता क्रम बदलला की उत्तर बदलतं. असला बग ज्यानं एकदा हातानं पकडलाय तो पुढं कुठल्याही फाईलवर आंधळा विश्वास ठेवत नाही, आणि आम्हाला इंटर्नमधे हेच पाहिजे असतं.

अजून एक गोष्ट तिनं केली. भाव आणि हमीभाव यांची थेट तुलना करणं कितपत बरोबर आहे हा प्रश्न तिला पडला, तर सुट्टीत गावी गेल्यावर वडिलांसोबत मोंढ्यात गेली आणि आडत्याला विचारलं. तो म्हणला, "बाई, हमीभाव काय सगळ्या मालाला नसतो, वाळलेला चांगला माल लागतो त्याला. इथं तर ओलं बी येतंय, सौद्यात सगळंच आलं." मग घरी येऊन तिनं शोधलं तर कळलं की हमीभावानं खरेदी करताना ओलावा 12 टक्क्यांपर्यंत असावा अशी अट असते, आणि 2024 च्या नोव्हेंबरात केंद्रानं ती 15 टक्क्यांपर्यंत सैल केली होती. बाजाराच्या आकड्यात ओलाव्याची नोंद नाही. म्हणजे तिचा आकडा असं म्हणू शकतो की मोडल भाव इतके दिवस 4892 च्या खाली होता, पण शेतकऱ्याला हमीभाव नाकारला असं म्हणू शकत नाही. हे तिनं रीडमीमधे "या आकड्याच्या मर्यादा" म्हणून दोन वाक्यांत लिहिलं. शिवाय ज्या दिवशी बाजार बंद होता ते दिवस मोजलेले नाहीत, आणि एकाच दिवशी दोन वाणांच्या नोंदी असल्या तर फक्त पिवळं घेतलंय, हेही लिहिलं.

माझ्या दृष्टीनं "पुढाकार" म्हणतात तो हा. पोरांना वाटतं पुढाकार म्हणजे कॉलेजच्या टेक फेस्टचं कोऑर्डिनेटर होणं, एखाद्या क्लबचं पद, नाहीतर वेबिनारची सात सर्टिफिकेटं. ती वाईट नाहीत, पण त्यातून कामाचा माणूस कळत नाही, कारण तिथं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि नेमून दिलेलं असतं. कुणी न सांगता, मार्क मिळणार नसताना, आपल्याच उत्तरावर शंका घेऊन मोंढ्यातल्या माणसाला जाऊन विचारणं हे वेगळं आहे. तुमच्याकडं शेती नसेल तर दुसरं काही असेल, मामाचं कृषी सेवा केंद्र असेल तिथली उधारीची वही असेल, मेसवाल्या काकूंचा महिन्याचा हिशोब असेल, कॉलेजच्या बसचं टाइमटेबल असेल. खरा माणूस, खरी अडचण, आणि केलेलं काम त्या माणसानं वापरलं का नाही हे सांगता येणं, एवढं असलं की झालं. वापरलं नसेल तर का नाही वापरलं हेही सांगता येतं, आणि ते उत्तर बऱ्याचदा जास्त कामाचं असतं.

यानंतर तिची रेझ्युमेतली ओळ अशी झाली: "लातूर बाजार समितीतील सोयाबीनच्या मोडल भावाची 2024-25 च्या हमीभावाशी तुलना, ऑक्टोबर ते डिसेंबर 2024. सरकारी डेटातल्या तारखांची चूक शोधून दुरुस्त केली, निकालाच्या मर्यादा नोंदवल्या. पायथन, पांडास, एसक्यूलाइट." खाली लिंक. मशीन लर्निंग गेलं आणि ओळ दुप्पट वजनदार झाली. शेवटची तीन नावं बघा, प्रोजेक्टमधे खरंच जे वापरलं तेवढंच आहे. एसक्यूलाइट कशाला? तर डीबीएमएसच्या लॅबमधे शिकलेलं ग्रुप बाय तिनं याच डेटावर चालवून महिन्याप्रमाणे दिवस मोजले आणि पांडासचं उत्तर त्याच्याशी जुळतंय का बघितलं. म्हणजे कोर्सवर्कची ओळही इथंच भरली.

आता इंटरव्ह्यूमधे काय होतं ते सांगतो. सेकंड इयरच्या पोराला आम्ही अवघड अल्गोरिदम विचारत बसत नाही, निदान छोट्या कंपनीत तरी नाही. रेझ्युमेतली एक ओळ धरतो आणि खाली उतरत जातो, साधारण तीन पायऱ्या. पहिली पायरी, काय केलं. दुसरी, असंच का केलं, दुसरं का नाही. तिसरी, कुठं चुकतं. तिला विचारलं की मोडल का घेतला, सरासरी का नाही, तर तिच्याकडं उत्तर आहे. विचारलं की तुझा आकडा चुकीचा असू शकतो का, तर ती तारखांचा किस्सा सांगते आणि ओलाव्याचं सांगते. विचारलं की परभणीचा डेटा दिला तर हाच कोड चालेल का, तर ती म्हणते, "सर, बाजाराचं नाव मी कोडमधेच टाकलंय, ते बाहेर काढावं लागेल. आणि तिथं वाणाचं नाव वेगळं लिहिलेलं असलं तर बघावं लागेल, तपासलं नाही अजून." हे "तपासलं नाही अजून" फार महत्त्वाचं आहे. पोरं इथं घाबरून हो सर चालेल म्हणतात आणि तिथंच फसतात, कारण आम्ही लगेच म्हणतो, दाखव चालवून.

म्हणून रेझ्युमे पाठवायच्या आधी एक काम नक्की करा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि स्वतःला हे तीन प्रश्न मोठ्यानं विचारा, उत्तरही मोठ्यानं द्या, रूममेटला समोर बसवलं तर उत्तमच. जिथं दुसऱ्या प्रश्नावर अडखळता ती ओळ एकतर शिकून घ्या नाहीतर काढा. समजा असं करता करता पाच प्रोजेक्टचा एकच उरला, तरी चालेल. पान अर्धं रिकामं राहिलं तरी चालेल, ते छंद आणि "मी मेहनती आहे" असल्या वाक्यांनी भरू नका. इंग्रजी अडखळत असेल तर पहिल्याच मिनिटाला विचारा, सर मराठीत सांगितलं तर चालेल का. आपल्या भागातल्या कंपन्यांत बहुतेक जण हो म्हणतात, आणि तारखांचा तो किस्सा मराठीत जसा रंगतो तसा पाठ केलेल्या इंग्रजीत रंगत नाही.

पाठवायचं कुठं, तर इथं थोडं वास्तव समजून घ्या. मोठ्या कंपन्यांच्या उन्हाळी इंटर्नशिपा बहुतेक थर्ड इयरसाठी असतात, कारण त्यांना पुढं नोकरीला घ्यायचं असतं. सेकंड इयरला खरी जागा असते ती दहा-वीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत, संभाजीनगरच्या मॅजिक इनक्युबेटरसारख्या ठिकाणच्या स्टार्टअपमधे, कॉलेजात एखाद्या प्राध्यापकाच्या चालू कामात, आणि एक जागा पोरं कायम विसरतात ती म्हणजे वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या एमआयडीसीतले कारखाने. तिथं प्रॉडक्शनचे आणि रिजेक्शनचे रिपोर्ट अजूनही कित्येक ठिकाणी एक्सेलमधे हातानं जोडतात, आणि ज्या पोरीनं तारखांचा असला घोळ सोडवलाय तिला ते काम नक्की जमतं. एआयसीटीईचं इंटर्नशिप पोर्टल आहे, तिथंही नाव नोंदवा, पण नुसतं तेवढ्यावर बसून राहू नका.

छोट्या कंपनीत जाहिरात नसते, तिथं मेलच करावा लागतो, आणि मेल छोटा असला तरच वाचला जातो. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्ड वर्किंग" वगैरेनं सुरू झालेला मेल आम्ही रोज बघतो. तिचा मेल साधारण असा होता, मूळ इंग्रजीत: "मी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या साइटवर वाचलं की तुम्ही कारखान्यांसाठी रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर करता. मी लातूरच्या बाजारभावाच्या डेटावर एक छोटं काम केलंय, त्यात तारखांच्या चुकीमुळं निम्म्याहून जास्त रो कसे गळत होते ते रीडमीमधे लिहिलंय, लिंक खाली आहे. परीक्षा संपल्यावर सहा आठवडे मी संभाजीनगरात राहून काम करू शकते. डेटा साफ करणं किंवा टेस्टिंग, जे असेल ते." संपला मेल. यात समोरच्याचं काम काय आहे ते माहिती करून घेतलंय, स्वतःचं काम एका वाक्यात आणि पुराव्यासकट आहे, आणि कधी, किती दिवस, कुठं हे स्पष्ट आहे. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर एक ओळीची आठवण पाठवा, त्यानंतर सोडून द्या आणि पुढची कंपनी धरा. एकच मेल पन्नास जणांना बीसीसी करून पाठवू नका. आपल्या कामाबद्दल त्यात एक शब्द नाही हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं.

आणि एक कळकळीनं सांगतो, इंटर्नशिपसाठी पैसे भरू नका. ऑफर लेटर आधी येतं, इंटरव्ह्यू होत नाही, मग रजिस्ट्रेशन फी नाहीतर सर्टिफिकेट फी मागतात, आणि महिन्याच्या शेवटी चार सोपे टास्क अपलोड करून सर्टिफिकेट मिळतं. गावाकडून आलेल्या पोरांना हे खरं वाटतं, घरचे पैसेही देतात. ओळखायचं कसं? तुम्हाला एकही प्रश्न न विचारता निवडलं असेल, तुमचं काम रोज बघणाऱ्या माणसाचं नाव सांगत नसतील, आणि पैसे तुमच्याकडून तिकडं जात असतील, तर ती इंटर्नशिप नाही. शिकण्यासाठी कोर्स घ्यायचा असेल तर कोर्स म्हणून घ्या, ते वेगळं. स्टायपेंड नसलेली खरी इंटर्नशिप असू शकते, पण तिथंही संभाजीनगरातलं राहणं-खाणं धरून हिशोब करा आणि आठवड्यातले काही दिवस घरून काम चालेल का हे आधीच विचारा. विचारलं म्हणून कुणी नाकारत नाही.

शेवटचं तारखांचं, यावेळी तुमच्या. कंपनीला शब्द देण्याआधी परीक्षेचं टाइमटेबल बघा, आणि टाइमटेबल आलेलं नसेल तर तसं लिहा, की परीक्षा साधारण अमुक महिन्यात आहे, नक्की तारीख आली की दोन दिवसांत कळवतो. आपल्याकडं पेपर पुढं ढकलले जातात, प्रॅक्टिकल मागंपुढं होतात, आणि हे आम्हाला चांगलं माहितीये कारण आम्हीही इथंच शिकलोय. तारीख बदलली तर त्याच दिवशी कळवा, आम्ही सिनियरचा वेळ आणि एक मशीन त्या आठवड्यापासून तुमच्यासाठी राखून ठेवलेलं असतं, आणि दोन दिवस आधी कळलं तर ते सहज पुढं सरकवता येतं.